अंदाजाचा पट्टा इतका अरुंद कसा?

साथीच्या मॉडेलवरचा एक पेपर पणजीतल्या आमच्या अभ्यासगटाकडे मत द्यायला आला होता. लोकांना निरोगी, लागण झालेले पण अजून न पसरवणारे, पसरवणारे आणि बरे झालेले अशा चार गटांत मांडणारं SEIR मॉडेल, दररोजच्या रुग्णसंख्येवर बसवलेली रेषा आणि पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज. समीकरणं बरोबर होती, ती तपासायला फार वेळ लागला नाही. घोडं अडलं ते पॅरामीटरच्या तक्त्यापाशी.

सुप्तकाळ ३ दिवस, संसर्गकाळ ५ दिवस, आणि दोन्हींपुढे फक्त ‘गृहीत’. आधार कुठला? पूरक फाईल पालथी घातली, लेखकांना मेल केला. उत्तर नाही. याचा राग मला अजून आहे, कारण सगळा अंदाज याच दोन आकड्यांवर उभा होता.

शेवटी स्वतःच हिशेब मांडला. साथीच्या सुरुवातीला आकडेवारी एकच गोष्ट नीट सांगते, वाढीचा वेग. रुग्ण ७ दिवसांत दुप्पट होत असतील तर हा वेग, म्हणजे r, दिवसाला सुमारे ०.०९९ येतो. सुप्तकाळ L आणि संसर्गकाळ D धरला तर या मॉडेलमध्ये R0, म्हणजे सुरुवातीला एक रुग्ण सरासरी जितक्यांना लागण करतो तो आकडा, असा येतो:

```
R0 = (1 + r*L) * (1 + r*D)
```

३ आणि ५ दिवस घातले तर R0 साधारण १.९ येतो. ५ आणि १० घातले तर जवळजवळ ३. सुरुवातीच्या आकडेवारीवर दोन्ही रेषा सारख्याच चपखल बसतात, त्यामुळे रेषा छान बसली हा पुरावा होत नाही. पुढचं चित्र मात्र पार वेगळं होतं. निम्म्या लोकांना पक्की प्रतिकारशक्ती दिली तर पहिल्या मॉडेलमध्ये साथ विझते, कारण तिथे ४८ टक्के पुरतात. दुसऱ्यात ६६ टक्के लागतात, म्हणजे साथ पसरतच राहते. काहीच उपाय केला नाही तर पहिल्यात शेवटी ७८ टक्के लोकांना लागण होते, दुसऱ्यात ९४ टक्क्यांना. गोव्याची लोकसंख्या १५ लाख धरली तर हा फरक दोन लाखांच्या वर जातो.

लेखकांनी L आणि D गोठवून फक्त संक्रमणाचा दर बीटा आकडेवारीवर बसवला होता. म्हणून त्यांच्या अंदाजाभोवतीचा ९५ टक्क्यांचा अनिश्चिततेचा पट्टा इतका बारीक. त्यात बीटाचीच अनिश्चितता मोजलेली, गृहीत धरलेल्या दोघांची नाही. असा पट्टा दिसला की आधी विचारायचं, कुठले पॅरामीटर हलू दिले आणि कुठले बांधून ठेवले? बांधलेल्यांना त्यांच्या संभाव्य मर्यादेत फिरवून पट्टा पुन्हा काढायला लावायचा.

आणखी एक, रेषा एकूण रुग्णसंख्येवर बसवली असेल तर जास्तच सावध राहा. आजच्या बेरजेत कालची बेरीज असतेच, त्यामुळे चुका एकमेकींत गुंततात आणि पट्टा खोटा अरुंद होतो. आमच्या पेपरात रोजचे नवे रुग्ण घेतले होते, तेवढं बरं.

कळंगुटची डिसेंबरातली गर्दी आणि सत्तरी तालुक्यातलं गाव एकाच टोपलीत घालून सगळे सगळ्यांना सारखेच भेटतात असं मानणंही मला पटलं नाही, पण तो आक्षेप मी दुय्यम ठेवला.

शेवटचे दोन आठवडे झाकून मॉडेल पुन्हा बसवलं, तेव्हा झाकलेले आकडे बऱ्यापैकी जुळले. म्हणून मत असं दिलं: पुढच्या दोन आठवड्यांचं खाटांचं नियोजन करायला हा पेपर वापरा. सहा महिन्यांच्या आकड्यावर, L आणि D मोकळे सोडून नवा पट्टा येईपर्यंत, कुठलाही निर्णय घेऊ नका.