लोड फॅक्टर ०.६१, तरीही शोध रखडलेला

तक्रार साधी होती: नोंदी दुप्पट झाल्या की एक नोंद शोधायचा वेळही दुप्पट होतो. हॅश टेबलमध्ये हे व्हायला नको. त्यात ४०,००० नोंदी आणि ६५,५३६ कप्पे, म्हणजे लोड फॅक्टर ०.६१. एका कप्प्यात आलेल्या नोंदी साखळीने जोडलेल्या. नोंदी सारख्या विखुरल्या असतील, तर सापडणाऱ्या कीसाठी सरासरी तुलना १ + ०.६१/२, म्हणजे साधारण १.३. या हिशेबात नोंदींची एकूण संख्या कुठेच येत नाही, येतो तो फक्त लोड फॅक्टर. तो ठरावीक हद्दीपुढे गेला की टेबल दुप्पट करायचं, म्हणून सरासरी वेळ स्थिर धरतात. मात्र सगळी भिस्त त्या 'सारख्या विखुरल्या असतील'वर आहे.

मी आधी चुकीचाच उपाय केला. कप्पे १,३१,०७२ केले, लोड फॅक्टर ०.३१ वर आला, आणि शोधाचा वेळ जेमतेम निम्मा झाला. १.३ तुलनांचं निम्मं होऊच शकत नाही, निदान एक तरी लागतेच. तेव्हा कुठे साखळ्यांची लांबी मोजायची बुद्धी झाली.

जुन्या आकाराच्या टेबलात ६५,५२० कप्पे रिकामे निघाले. थोडे रिकामे असणारच. विखुरणं चांगलं असलं तरी या लोड फॅक्टरला सुमारे ५४ टक्के रिकामे राहतात. इथे मात्र सगळ्या नोंदी उरलेल्या १६ कप्प्यांत होत्या, प्रत्येकात जवळपास २,५००. एका शोधाला सरासरी साडेबाराशे तुलना!

कारण कीच्या रचनेत होतं. वरच्या बिटांत मिलिसेकंदातली वेळ आणि खालच्या १२ बिटांत क्रमांक, जो दर मिलिसेकंदाला ० पासून सुरू होई. वर्दळ कमी, त्यामुळे तो कायम ०. म्हणजे प्रत्येक की ४,०९६ च्या पटीत. हॅश फंक्शन आकडा जसाच्या तसा परत देत होतं आणि कप्पा असा निवडला जाई:

```
i = h & (n - 1)
```

यात फक्त खालचे १६ बिट उरतात. त्यांतले १२ शून्य, म्हणून बदलणारे चारच. कप्पे दुप्पट केल्यावर एक बिट वाढला, १६ चे ३२ कप्पे झाले, एवढंच. कप्प्यांची संख्या अविभाज्य ठेवली असती तर या किल्ल्या निभावून गेल्या असत्या. पण भागाकार महाग पडतो, म्हणून आम्ही आधी गुणाकार करून वरचे १६ बिट घेतले:

```
i = (h * 0x9E3779B97F4A7C15ULL) >> 48
```

कप्पे पुन्हा ६५,५३६ केले, आणि शोध एक-दोन तुलनांवर आला. कोणी मुद्दाम टकरणाऱ्या किल्ल्या पाठवू लागलं तर हा ठरलेला गुणक कामाचा नाही. तिथे गुप्त बीज वापरणारं हॅश फंक्शन हवं. आमच्या किल्ल्या आम्हीच बनवतो, म्हणून तेवढ्यावर थांबलो. आता लोड फॅक्टरशेजारी सर्वांत लांब साखळीचा आकडाही नोंदवला जातो.