‘चार जणांसाठी’ म्हणजे किती ग्रॅम? मसालेभाताचं आमच्या घरचं गणित

आमच्याकडे जेवणारी माणसं चारच: सासूबाई, हे, कॉलेजात जाणारा मुलगा आणि मी. मसालेभाताच्या कृतीवरही ‘चार जणांसाठी’ असंच लिहिलेलं होतं. पण २०० ग्रॅम तांदळाच्या त्या भाताचं पातेलं मुलाच्या दुसऱ्या वाढीलाच खरवडावं लागायचं. यात कृतीचं काही चुकत नव्हतं. ती लिहिणाऱ्याच्या ताटात मसालेभाताबरोबर पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर असं सगळं असणार. इंदूरला आमच्याकडे मसालेभात म्हणजे वर तूप, बाजूला कढी आणि (इथलेच आहोत म्हणून) मूठभर शेव, एवढंच जेवण. त्यामुळे माणसं सारखीच असली तरी वाढ सारखी नसते. मग मी माणसं मोजायची सोडून वाढ मोजायची ठरवली.

साधन एकच, ५ किलोपर्यंत तोलणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. काचेच्या काट्यावर गरम पातेलं थेट ठेवू नये. आधी पोळपाट ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग पातेलं. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून ठेवलं की पुढे काम सोपं. माझं जाड बुडाचं पातेलं झाकणाशिवाय १,८४० ग्रॅमचं आहे, तो आकडा फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पहिल्या खेपेला कृती जशीच्या तशी केली: तांदूळ २००, तोंडली-फ्लॉवर-मटार मिळून २५०, तेल ३०, मीठ-मसाले-खोबरं मिळून २०, पाणी ४५०. सगळं ग्रॅममध्ये. वाट्यांच्या नादी लागले नाही, कारण आमच्याकडची वाटी आणि पुस्तकातला कप यांचं कधी जमलेलं नाही. धुतलेला तांदूळ निथळला तरी पाणी धरून ठेवतो, म्हणून धुण्याआधी आणि निथळल्यावर असं दोनदा तोलायचं. २०० चे २४० झाले, तर ४० ग्रॅम पाणी आधीच आत आहे, वरून ४१० घालायचं.

पातेल्यात एकूण ९५० ग्रॅम गेलं. भात झाल्यावर पातेल्यासकट वजन भरलं २,६९०, म्हणजे भात ८५० ग्रॅम. १०० ग्रॅम पाणी वाफेबरोबर गेलं. ८५० भागिले ४, साधारण २१० ग्रॅम. ही झाली कृतीची एक वाढ. ही संख्या छापलेली नसते, शिजलेलं पातेलं तोलूनच ती काढावी लागते. नुसत्या तांदळाचे ५० ग्रॅम माणशी धरून काही कळत नाही, कारण ताटात पडतो तो शिजलेला भात, भाज्या आणि पाण्यासकट.

आता आमची वाढ. ती त्याच दिवशी मोजण्यात अर्थ नव्हता, भात पुरत नसला की सगळेच हात आखडता घेतात. त्यासाठी पुढच्या वेळी सगळं दुप्पट केलं. दिवसही साधा निवडला. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झालेली असते, तेव्हा दुपारची भूक खरी नसते. ताटं तोलत बसले नाही, नाहीतर सासूबाई म्हणाल्या असत्या, “अगं, आता घास मोजून देणार का?” पातेलंच काट्यावर ठेवून वाढलं आणि प्रत्येक वाढीनंतर जेवढं वजन उतरलं तेवढं त्या माणसाच्या नावावर लिहिलं, दुसऱ्या-तिसऱ्या वाढीसकट. सासूबाई २२०, मी ३००, हे ३७०, मुलगा ४३०. बेरीज १,३२०. बुडाला चिकटलेली ३० ग्रॅम खरवड कुणाच्याच ताटात जात नाही, ती धरून हवेत १,३५०.

१,३५० भागिले ८५० म्हणजे जवळजवळ १.६. कृतीतल्या प्रत्येक आकड्याला १.६ ने गुणायचं, की तांदूळ ३२०, भाज्या ४००, मीठ-मसाले-खोबरं ३२. मीठ वजनाच्या प्रमाणात बिनधास्त वाढवावं. पण दोन गोष्टी या गुणाकारात बसत नाहीत, तेल आणि पाणी.

तेलाचं कारण सरळ आहे. फोडणीला पातेल्याचं बूड भिजेल आणि मसाला परतता येईल एवढं तेल लागतं. पातेलं तेच, बूडही तेवढंच. ४८ ऐवजी ४० ग्रॅममध्ये छान भागतं.

पाण्याची गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे, आणि ती त्या दुप्पट भातानेच शिकवली. त्या दिवशी आत गेलं १,९०० ग्रॅम, म्हणजे हिशेबाने शिजून १,७०० व्हायला हवा होता. भरला १,७९०, आणि भात हाताला गचका लागत होता. सगळं दुप्पट झालं, वाफ मात्र १०० वरून ११० च झाली. कारण वाफ जाते ती पातेल्याच्या तोंडातून आणि झाकणाच्या फटीतून, आणि किती वेळ शिजतंय त्यावर. तांदूळ वाढला म्हणून तोंड रुंद होत नाही. जे ९० ग्रॅम पाणी उडालं नाही, ते भातात राहिलं.

म्हणून १.६ पटीला ४५० चे ७२० ग्रॅम पाणी घालायचं नाही. त्या हिशेबात १६० ग्रॅम वाफ गृहीत धरलेली आहे आणि आपल्या पातेल्यातून जाते ११०. फरक ५० चा, तेवढं कमी करून ६७०. बेरीज करून बघा: ३२०, ४००, ३२, ४० आणि ६७० मिळून १,४६२. त्यातून ११० वजा केले की १,३५२. या प्रमाणाने केलेला भात मोकळा झाला आणि काट्यावर दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे तेवढाच भरला.

हाच आकडा शिजताना राखणदारीही करतो. पातेल्यासकट वजन ३,१९० च्या आसपास आलं की गॅस बंद करून वाफ मुरू द्यायची. वजन ३,२५० वर अडून बसलं असेल तर झाकण जरा तिरकं करून दोन-तीन मिनिटं बारीक आच. ३,१५० च्या खाली उतरलं आणि शीत अजून टोचरं लागत असेल, तर गरम पाण्याचा हबका मारायचा.

पातेलं बदललं की मात्र वाफेचा आकडा नव्याने काढावा लागतो. कुकरमध्ये वाफ फार कमी जाते, तिथे हे ११० चालणार नाहीत. तांदूळ बदलला तरी पाण्याची मागणी बदलते. माझे आकडे आमच्या नेहमीच्या कोलमचे आहेत. आमटीला ही पद्धत मी लावत नाही, पाणी घालून वजन वाटेल तेवढं वाढवता येतं. तिथे कोरडी डाळच तोलते.

पाहुण्यांची वाढ कशी मोजणार, असं नणंदेने विचारलं. मोजत नाही. नुसता मसालेभात आणि कढी असेल तर आमची सरासरी, म्हणजे माणशी ३३० ग्रॅम धरते. पोळी, भाजी, श्रीखंड असं पूर्ण पान मांडायचं असेल तर कृतीची २१० ची वाढ बरोबर बसते. गणपतीत आठ पानं असली, तर १,६८० अधिक खरवडीचे ३०, भागिले ८५०, म्हणजे दुप्पट. तेव्हा तांदूळ ४०० आणि याच पातेल्यात पाणी ९०० ऐवजी ८१०.