दक्षिणेला की दक्षिणेत?

गेल्या डिसेंबरात परदेशातल्या एका विद्यापीठात सागरी जीवशास्त्राच्या एमएस्सीसाठी अर्ज केला. अर्जासोबत पाचशे शब्दांचं इंग्रजी निवेदन जोडायचं होतं: मी कोण, काय शिकले, पुढे काय करायचं आहे. लिहायला चार दिवस लागले. कच्चा मसुदा छापून मी मावशीकडे नेला. मावशी मालवणात बारावीला इंग्रजी शिकवायची, आता निवृत्त आहे. तिने पडवीत बसून पेन्सिलीने वाचायला घेतलं. दोन पानं वाचून होईपर्यंत कागदावर एकतीस गोल झाले होते.

"इतकी कॅपिटलां कित्याक गो?" तिने विचारलं.

मला खरंच उत्तर देता येईना. महत्त्वाच्या शब्दांना कॅपिटल द्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. विषयांची नावं महत्त्वाची, दिशा महत्त्वाच्या, बाबा तर महत्त्वाचेच. मावशी म्हणाली, "तू कॅपिटल आदरार्थी बहुवचनासारखं वापरतेस. आपण 'बाबा आले' म्हणतो तसं." ते मला एकदम पटलं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच, त्यामुळे त्याचा उपयोग आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. आणि जी सवय नाही तिच्या जागी आपण आपल्या भाषेतली दुसरी सवय आणून बसवतो. इंग्रजीत कॅपिटल मान देण्यासाठी नसतं. अमुक शब्द हे विशेषनाम आहे, एवढंच ते सांगतं.

माझं दुसरंच वाक्य असं होतं:

```
My Father fishes North of Malvan, and I studied
Zoology, Chemistry and English.
```

मावशीने ते असं केलं:

```
My father fishes north of Malvan, and I studied
zoology, chemistry and English.
```

बाबांचा शब्द लहान झाला कारण त्याआधी 'माझे' आहे. बाकीच्या दुरुस्त्यांचे तिने दोन ढीग केले, दिशा आणि विषय, आणि दिशांपासून सुरुवात केली.

दिशा म्हणजे नुसती बाजू असेल, जायचा रोख असेल, तर अक्षर लहान. तीच दिशा एखाद्या प्रदेशाचं नाव झाली असेल तर मोठं. ऐकायला हे सोपं आहे, पण लिहिताना माझी गाडी प्रत्येक वाक्याशी अडत होती. मग मावशीने मला इंग्रजी बाजूला ठेवायला सांगितलं. "वाक्य मराठीत म्हण. 'दक्षिणेला' येतं की 'दक्षिणेत'?"

मी म्हणून पाहिलं. देवगडच्या दक्षिणेला मालवण. विजयदुर्गाच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँक हे पठार. होडी उत्तरेकडे वळवली. इथे 'ला' किंवा 'कडे' येतं, म्हणजे बाजू सांगितली जाते आहे, म्हणून अक्षर लहान. उलट 'दक्षिणेत सांबाराला चिंच जास्त', 'ईशान्येत पाऊस फार' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर माणसांनी भरलेला मुलूख असतो, ज्याच्या 'आत' जाता येतं. तिथे अक्षर मोठं. 'देवगडच्या दक्षिणेत मालवण' असं आपल्याकडे कुणी म्हणणार नाही. जो भेद इंग्रजी अक्षराच्या उंचीने दाखवते, तो आपण प्रत्ययाने रोज दाखवत असतो. माझ्या मसुद्यात दिशांचे अकरा शब्द होते. त्यातले नऊ मी ह्या एका प्रश्नावर, मावशीला न विचारता सोडवले.

उरलेल्या दोनांत ही युक्ती चालली नाही. पहिला होता सह्याद्रीसाठीचा वेस्टर्न घाट्स. तिथे घाटांची बाजू सांगायची नसते, ते दोन शब्द मिळून एकच नाव आहे, म्हणून दोन्ही मोठे. नॉर्थ गोवा आणि साउथ गोवा हे जिल्हे आहेत, तेही तसेच. पण भारताचा पश्चिम किनारा लिहिताना वेस्ट लहान, कोस्टही लहान, आणि कोकण किनारा लिहिताना फक्त कोकणाचा के मोठा. दुसरा अडलेला शब्द शेवटी सांगते, कारण तो शेवटपर्यंत सुटत नव्हता.

दिशा आद्याक्षराने लिहिली तर मात्र ती नेहमीच मोठी. रत्नागिरीचे अक्षांश-रेखांश देताना एन आणि ई मोठेच येतात. मी तेही उगाच लहान करून बसले होते, एकदा सगळं खाली उतरवायचा सपाटा लागला की असं होतं.

विषयांची गोष्ट वेगळी. माझी चूक आली होती गुणपत्रिकेवरून. तिथे प्रत्येक विषय पूर्ण मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, आणि तीन वर्षं तीच कागदपत्रं हाताळल्यावर झूलॉजीचा झेड लहान लिहिणं म्हणजे विषयाचा अपमान वाटायला लागतो. पण वाक्यात विषयाचं नाव सामान्यनामच राहतं: प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, इतिहास, गणित, सगळे लहान. भाषा मात्र मोठ्या, कारण इंग्रजी, मराठी, संस्कृत ही मुळात विशेषनामं आहेत. भारताचा इतिहास लिहिताना इंडियन मोठा आणि हिस्ट्री लहान, एकाच जोडीत दोन्ही.

खरा गुंता इथून पुढे आहे. पाचव्या सत्रात मला फिश बायॉलॉजी नावाचा पेपर होता. त्या पेपरबद्दल लिहिताना एफ आणि बी मोठे, कारण ते अभ्यासक्रमात छापलेलं नाव आहे. त्याला कोड आहे, वेळापत्रकात तास आहे. पण पुढच्याच ओळीत 'मला माशांच्या जीवशास्त्रात रस आहे' लिहिलं तर तेच दोन शब्द लहान. मी स्वतःला विचारायचे: ह्याची परीक्षा कुठल्या तारखेला झाली हे सांगता येईल का? येत असेल तर मोठं. विभागाचं पूर्ण नाव आलं तर त्यातला झूलॉजी मोठा, नुसतं 'झूलॉजीत पदवी' म्हटलं तर लहान. ज्या एमएस्सीसाठी अर्ज करत होते तिचं पूर्ण नाव विद्यापीठाच्या पानावर होतं तसं मोठं ठेवलं, आणि त्याच परिच्छेदात सागरी जीवशास्त्र हे क्षेत्र म्हणून आलं तिथे लहान केलं. वाचणाऱ्याला हे विसंगत वाटेल अशी मला भीती होती. मावशी म्हणाली, इंग्रजी वाचणाऱ्याला हाच फरक दिसायला हवा.

घरी येऊन वर्डमध्ये शोध लावला. साधा शोध लहान-मोठं ओळखत नाही, म्हणून `Match case` वर खूण केली आणि `North`, `South`, `East`, `West` एकेक शोधले. `West` टाकलं की वेस्टर्नही सापडतो, वेगळा शोधावा लागत नाही. मग विषयांची नावं तशीच. अर्धा तास लागला. दोन ठिकाणी वाक्याची सुरुवातच दिशेने होती, तिथे मोठं अक्षर ठेवायचंच होतं. म्हणून सगळं एकदम बदलायचं बटण वापरलं नाही, प्रत्येक जागी थांबून वाचलं.

राहिला होता 'दक्षिण कोकण'. आम्ही स्वतःला दक्षिण कोकणातले म्हणतो, आणि त्यात 'त' सुद्धा आहे. पण तो 'त' कोकणाला लागलेला आहे, दक्षिणेला नाही. ह्या नावाचा जिल्हा नाही, नकाशावर त्याची हद्द नाही. साउथ कोकण असं दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि ते चूकच असं मावशीलाही म्हणता येईना. संध्याकाळी फोनवर तिनेच तोडगा काढला: साउथ काढून सदर्न घाल. 'सदर्न' नुसतं विशेषण राहतं, त्याचा एस निःशंकपणे लहान लिहिता येतो. मी तसं केलं. त्या ओळीत फक्त कोकणाचा के मोठा राहिला. रात्री साडेदहाला अर्ज पाठवला.