उद्यमबागेतला समारोप आणि चारशे किलोचा घोळ

पुढच्या महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या फौंड्रीत ईआरपीचं, म्हणजे साठा-हिशोबाच्या नव्या सिस्टिमचं काम सुरू होतंय. त्यामुळे बेळगावच्या एका ओळखीच्या फौंड्रीने त्यांचा ईआरपी प्रकल्प संपल्याच्या समारोपाला बोलावलं तेव्हा दुसरा विचार केला नाही. अंतर साधारण 110 किलोमीटर. कोगनोळी आणि हत्तरगी असे दोन टोलनाके, मध्ये तवंदी घाट. उद्यमबाग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खानापूर रस्त्यावर आहे. म्हणजे कोल्हापूरकडून येणाऱ्याला अख्खं बेळगाव ओलांडावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास काम काढू नका. एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे आपल्या लोकांचा काळा दिन, शहरात गाडी हलत नाही.

कार्यक्रम कँटीनमध्येच होता. प्रोजेक्ट मॅनेजर बोलायला उभे राहिले, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. पहिले आभार त्यांनी मालकांचे न मानता स्टोअरच्या मामांचे मानले. "मामा नसते तर आम्ही एका निष्पाप माणसाला चोर ठरवलं असतं," म्हणाले. कँटीन एकदम शांत.

झालं होतं असं. एका ब्रॅकेटच्या कास्टिंगचं वजन आयटम मास्टरमध्ये 12.4 किलो भरलेलं. फेटलिंगनंतर माल आत घेताना काट्यावरचं वजन नोंदलं जायचं, पण बाहेर पाठवताना नग मोजून सिस्टिम त्याला 12.4 ने गुणायची. 800 नग गेले. आत आले होते 10,320 किलो, बाहेर गेलेले दिसले 9,920. जमिनीवर एक नग नाही आणि स्क्रीनवर 400 किलो शिल्लक, म्हणजे 32 नग! संशय रात्रपाळीच्या सिक्युरिटीवर गेला.

मामांनी काय केलं, तर पुढच्या लॉटमधले 20 नग काट्यावर चढवले. भरले 258 किलो. नगाला 12.9. पॅटर्नची दुरुस्ती झाल्यावर कोणी परत वजनच केलं नव्हतं, आणि साचा सैल भरला की धातूच्या दाबाने भिंत सरकून कास्टिंग फुगतं, हे मोल्डिंगवाल्यांना माहीत होतं. मास्टर भरणाऱ्याला नव्हतं. मॅनेजरांनी ओळखायची खूणही सांगितली: चोरी असली तर फरक एखाद्या दिवशी उडी मारतो, वजन चुकलं असेल तर प्रत्येक डिस्पॅचला नगांच्या प्रमाणात वाढत जातो. आता त्यांचा साठा फक्त NOS मध्ये, म्हणजे नगांत चालतो, KG नुसतं सोबत नोंदलं जातं, आणि पॅटर्नला हात लागला की 20 नगांचं वजन करून नवा आकडा तारखेसह मास्टरमध्ये जातो. माझ्या मते एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा जाणं वसूल झालं.

दुसरी चूक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. जुनी सिस्टिम बंद केली त्या रात्री शेडमधला साठा नगानग मोजला, पण मशिनिंगला कोल्हापूर भागात गेलेला माल मोजायचा राहिला. आठवड्याने तो परत आला तेव्हा गेटवरच्या माणसाला तो कशासमोर जमा करायचा हेच कळेना, कारण नव्या सिस्टिममध्ये माल पाठवतानाचं चलनच नव्हतं. घाईत कोणीतरी सगळी जुनी चलनं त्या दिवशीच्या तारखेने भरली. ही पहिलीपेक्षा वाईट चूक. जीएसटीत जॉबवर्कचा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, आणि ते वर्ष मूळ चलनाच्या तारखेपासून मोजतात. नाही आला तर पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज. नवी तारीख घातली की सिस्टिम निवांत, आणि मुदत संपून गेलेली.

आपल्याकडे सीमा मध्ये येते म्हणून आणखी एक: जॉबवर्कचा माल राज्याबाहेर गेला तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतं. त्यांची सिस्टिम सुरुवातीला 50,000 च्या खाली बिल काढतच नव्हती. निपाणीजवळ छोटा टेम्पो अडल्यावर ते लक्षात आलं.

जेवताना मामांच्या शेजारी बसलो. आमचंही काम सुरू होतंय म्हटल्यावर त्यांनी भाताचा घास थांबवला.

"तुमची बाहेर किती चलनं उघडी आहेत ओ?"

मला आकडा सांगता आला नाही. निघताना कुंदा घेतला, आणि हत्तरगीच्या टोलवर थांबून आमच्या स्टोअरला फोन लावला.