हबचा लाल दिवा

फोनवर तक्रार एवढीच होती की लॅबमधला जुना हब बिघडलाय आणि त्याने अख्खं कॉलेज बंद पाडलंय. पुरावाही होता. हबवरचा ‘कोलिजन’ लिहिलेला लाल दिवा, जो एरवी अधूनमधून लुकलुकतो, तो सकाळपासून विझतच नव्हता. फी भरायला रांग लागलेली, ऑफिसचा सर्व्हर दिसत नाही, लॅबमधल्या मशीनवर माउससुद्धा अडखळत चाललेला. आम्ही पोहोचेपर्यंत हबची केबल काढूनही झाली होती. फरक शून्य. मग हब परत जोडला आणि लॅबची वीज बंद करून पुन्हा सुरू केली. त्यानंतर काही सेकंद सगळं ठीक चाललं आणि परत आडवं पडलं.

आधी मांडणी सांगतो, कारण या केसमधलं सगळं तिच्यातच आहे. एक राउटर. त्याच्या एका पोर्टवर मुख्य इमारतीचा मॅनेज्ड स्विच, आणि त्यावर ऑफिसची १० मशीन, एक सर्व्हर आणि लॅबच्या स्विचकडे जाणारी केबल. लॅबच्या स्विचवर २० मशीन. त्यालाच जोडलेला १० मेगाबिटचा हब, त्यावर ६ मशीन. शिवाय टेबलावर ठेवलेला ८ पोर्टचा १०० मेगाबिटचा स्वस्तातला स्विच, त्यावर ३ मशीन. राउटरच्या दुसऱ्या पोर्टवर मागच्या इमारतीचा स्विच आणि ८ मशीन. मुख्य इमारतीचे पत्ते `192.168.10.x`, मागच्या इमारतीचे `192.168.20.x`.

मागच्या इमारतीत कोणाचीच तक्रार नव्हती. तिथे इंटरनेट चालू, आपापसात पिंग चालू. फक्त तिथून ऑफिसच्या सर्व्हरला पिंग जात नव्हता. हे कोणी आपणहून सांगितलं नाही, विचारावं लागलं. जिथे चालतंय तिथली चौकशी न करण्याची सवय आमच्या क्षेत्रात फार आहे.

हबवर संशय का घेऊ नये, ते आधी. हबला फ्रेम कळत नाही, पत्ता कळत नाही. एका पोर्टवर आलेला विजेचा सिग्नल ताजा करून बाकी सगळ्या पोर्टांवर ओतणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे ६ मशीन जणू एकाच तारेवर बसलेली असतात. दोघं एकाच वेळी बोलली की सिग्नल एकमेकांत मिसळतात, दोघांनाही ते कळतं, दोघं थांबतात आणि प्रत्येक जण यादृच्छिक वेळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करतो. सलग १६ प्रयत्न फसले तर ती फ्रेम सोडून दिली जाते. कोणाच्या बोलण्याने कोणाचं बोलणं बिघडू शकतं त्या सगळ्यांचा मिळून एक कोलिजन डोमेन. इथे तो म्हणजे हब, त्याची ६ मशीन आणि हबची केबल ज्यात शिरते तो स्विचचा पोर्ट.

त्या पोर्टाच्या पुढे मात्र कोलिजन जात नाही. स्विच फ्रेम पूर्ण आत घेतो, तिच्या शेवटी असलेली तपासणीची बेरीज जुळते का बघतो, आणि आदळून मोडलेली फ्रेम तिथेच टाकून देतो. म्हणजे हबवर कितीही गोंधळ झाला तरी त्याची झळ त्या ६ मशीनच्या बाहेर पोहोचत नाही. ऑफिसची फी त्याने बंद पडणं शक्यच नव्हतं. लाल दिवा खोटं बोलत नव्हता, पण तो परिणाम दाखवत होता. कुठूनतरी येणारा लोंढा स्विच त्या १० मेगाबिटच्या पोर्टातून हबवर ढकलत होता, आणि हबवरची मशीन तोंड उघडतील तेव्हा त्या लोंढ्यावर आदळत होती.

लोंढा कसला, ते लॅबच्या एका मशीनवर वायरशार्क लावल्यावर लगेच दिसलं. पडदाभर एकच ओळ:

```
ARP  Who has 192.168.10.1? Tell 192.168.10.34
```

`10.34` हे ऑफिसमधलं मशीन. ते काही वेडं झालं नव्हतं. राउटरचा मॅक पत्ता विचारायला त्याने एक प्रश्न सोडला होता, आणि तोच प्रश्न फिरून फिरून येत होता.

आता स्विचचं काम बघा. आलेल्या फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता वाचून ‘हा अमुक पोर्टवर राहतो’ असं तो आपल्या तक्त्यात लिहितो, आणि घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात सापडला तर फक्त त्याच पोर्टावर फ्रेम सोडतो. पण `FF:FF:FF:FF:FF:FF` या पत्त्यावरची फ्रेम, म्हणजे ब्रॉडकास्ट, सगळ्यांसाठी असते. ती आली तो पोर्ट सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर स्विच ती पाठवतो. त्यात चूक काही नाही, स्विचने तेच करायचं असतं. इथे कोणीतरी टेबलावरच्या स्विचवर एका केबलची दोन्ही टोकं खोचली होती. समजा पोर्ट ५ आणि ६. बाहेरून आलेला ब्रॉडकास्ट ५ मधून निघाला तो ६ मधून आत आला. तिथून पुन्हा सगळीकडे गेला, म्हणजे ५ वरही, आणि फिरून ६ मधून आत. दुसरी प्रत उलट्या दिशेने तशीच. प्रत्येक फेरीला एकेक प्रत लॅबच्या स्विचकडे, तिथून मुख्य स्विचकडे, तिथून ऑफिसात.

एका फेरीला १० मायक्रोसेकंद धरले तर सेकंदाला १ लाख फेऱ्या, दोन प्रतींच्या २ लाख. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, पुढची ८ बाइटची ललकारी आणि मधली १२ बाइटची मोकळी जागा धरून ८४ बाइट. या हिशेबाने १०० मेगाबिटच्या केबलमध्ये सेकंदाला साधारण १ लाख ४८ हजार फ्रेमच मावतात. म्हणजे एकच प्रश्न ती केबल तुडुंब भरायला पुरतो.

इथे बरेच जण चुकीचं कारण देतात: ‘लाइन भरली म्हणून नेटवर्क बंद.’ ऑफिसचे पोर्ट गिगाबिटचे होते आणि तेवढ्या फ्रेमनी ते फक्त एक दशांश भरतात. ऑफिस मेलं ते तक्त्यामुळे. `10.34` चा प्रश्न लॅबकडून परत आला की मुख्य स्विच वाचतो, ‘अरे, हा तर लॅबच्या पोर्टवर राहतो.’ आणि तक्ता बदलतो. ते मशीन पुन्हा काही बोललं की तक्ता बरोबर होतो, पुढच्या काही मायक्रोसेकंदांत परत चुकतो. त्याच्या नावाने येणारं सगळं लॅबकडे जातं. ज्याने ज्याने ब्रॉडकास्ट केला त्याची हीच गत. मशीनचा माउस अडखळतो तो यासाठी की ब्रॉडकास्ट नेटवर्क कार्डाला नाकारता येत नाही, प्रत्येक फ्रेम उघडून बघावीच लागते.

मुख्य स्विचला कन्सोल केबल लावली, कारण नेटवर्कवरून तो उत्तरच देत नव्हता. लॉगमध्ये अशा ओळींचा ढीग होता:

```
%SW_MATM-4-MACFLAP_NOTIF: Host 0011.2233.4455 in vlan 1 is
flapping between port Gi1/0/4 and port Gi1/0/12
```

पत्ता वेगवेगळा, पहिला पोर्ट वेगवेगळा, पण दुसरा पोर्ट प्रत्येक ओळीत `Gi1/0/12`. ती लॅबची केबल. काढली, आणि ऑफिस त्याच क्षणी सुरू झालं. लॅबमधले दिवे मात्र अजून एका तालात लुकलुकत होते. तिथल्या स्विचवरून हब काढला, काही नाही. टेबलावरच्या स्विचची केबल काढली, लॅब शांत.

मग त्या स्विचवरची तिन्ही मशीन बंद करायला लावली, मुद्दाम, विद्यार्थ्यांना बघता यावं म्हणून. आता त्या डब्याला बाहेरच्या जगाशी जोडणारं काहीच नव्हतं. तरी पोर्ट ५ आणि ६ चे दिवे जोरात चालूच. सकाळी विचारलेले प्रश्न आत अजून फिरत होते. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो, शून्य झाला की पॅकेट फेकतो. इथरनेट फ्रेममध्ये तसा आकडाच नाही, तिला म्हातारपण नाही. लॅबची वीज बंद केल्यावर त्या फिरत्या फ्रेम मेल्या होत्या. वीज आल्यावर पहिल्या मशीनने पहिला ब्रॉडकास्ट करेपर्यंत नेटवर्क ठीक होतं. ‘रीस्टार्ट केल्यावर जरा वेळ चालतं’ या वाक्याचा अर्थ एवढाच होता.

आणि मागची इमारत का वाचली? राउटर ब्रॉडकास्ट ऐकतो, स्वतःला लागू असेल तर उत्तर देतो, पण दुसऱ्या पोर्टावर सोडत नाही. एक ब्रॉडकास्ट जिथवर पोहोचतो तो ब्रॉडकास्ट डोमेन, आणि त्याची भिंत राउटरच्या पोर्टाशी असते. मागच्या इमारतीतून सर्व्हर दिसत नव्हता, कारण सर्व्हर भिंतीच्या या बाजूला होता.

परीक्षेत आकृती देऊन डोमेन मोजायला लावतात, तर हीच मोजा. मुख्य स्विचवर राउटर १, ऑफिस १०, सर्व्हर १, लॅबची केबल १, असे १३ कोलिजन डोमेन. लॅबच्या स्विचवर मशीनचे २०, हब त्याच्या सहाही मशीनसकट १, टेबलावरच्या स्विचची केबल १, असे २२. टेबलावरच्या स्विचवर मशीनचे ३. मागच्या इमारतीत ८ मशीन आणि राउटरची केबल मिळून ९. एकूण ४७. इंटरनेटची बाजू सोडली तर ब्रॉडकास्ट डोमेन २. स्विचला स्विच जोडणारी केबल दोनदा मोजणं ही नेहमीची चूक. मोजताना एक गोष्ट मात्र विसरली जाते: या ४७ पैकी ४६ मध्ये कोलिजन होतच नाही, कारण फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही टोकं एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात. खरा कोलिजन फक्त हबवर.

लॅबच्या पोर्टावर नंतर हे घातलं:

```
interface GigabitEthernet1/0/12
 storm-control broadcast level 1.00
 storm-control action shutdown
```

ब्रॉडकास्ट त्या पोर्टाच्या क्षमतेच्या १ टक्क्यावर गेला की पोर्ट बंद. लॅब मरेल, ऑफिस वाचेल. वळसा ओळखून पोर्ट अडवणारं स्पॅनिंग ट्री मुख्य स्विचवर चालू होतंच, मग त्याने हे का पकडलं नाही, हा प्रश्न उरला. दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळेत हे रक्षण तात्पुरतं काढून, दुसऱ्या कंपनीचा ५ पोर्टचा तसाच स्वस्त स्विच घेऊन तीच केबल तशीच खोचली. या वेळी मुख्य स्विचने काही सेकंदांत पोर्ट आपणहून अडवला. त्याने पाठवलेली स्पॅनिंग ट्रीची फ्रेम त्या डब्याने बाकी फ्रेमसारखीच फिरवून परत आणली होती, आणि स्वतःचीच फ्रेम परत आलेली बघून मुख्य स्विचला वळसा कळला. आदल्या दिवशीचा डबा ती फ्रेम नियमाप्रमाणे गिळून टाकत होता. नियम पाळणारा डबा जास्त महागात पडला. दोन्ही खोक्यांवरची वैशिष्ट्यांची यादी शब्दाशब्दाला सारखी आहे.

हब लॅबमध्येच आहे. वायरशार्कवर दुसऱ्याच्या फ्रेम दाखवायला तो लागतो.