वरातीमागून टाळ्या

टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्हिडिओ बैठकीत मात्र ती एका बोटाने वाजते, तिचा आवाज होत नाही, आणि आपण हात खाली घेतल्यानंतरही ती आपल्या चेहऱ्याशेजारी हलत राहते. या तिसऱ्या गोष्टीकडे माझे बरेच दिवस लक्षच गेले नव्हते. गेले ते एका सोमवारच्या बैठकीत, आणि तेही फार उशिरा.

आमच्या विभागप्रमुख बाई बोलत होत्या. त्या म्हणाल्या, "तीन महिने चाललेले काम काल रात्री पूर्ण झाले, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार." मला मनापासून आनंद झाला आणि मी टाळ्यांच्या चिन्हाकडे वळलो. बाई मात्र थांबल्या नव्हत्या. "आता एक वाईट बातमी सांगायची आहे," असे म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "हे काम ज्यांनी सुरू केले ते आपले सहकारी काल संध्याकाळी अपघातात जखमी झाले असून सध्या रुग्णालयात आहेत." त्यानंतर सर्वत्र शांतता पसरली. त्या शांततेत, पडद्यावरच्या वीस-बावीस गंभीर चेहऱ्यांमध्ये, माझ्या चौकटीच्या कोपऱ्यात दोन पिवळे तळहात उत्साहाने एकमेकांवर आपटत होते.

नंतर मी या प्रसंगाचा हिशेब मांडून पाहिला, कारण लाज वाटली की मला हिशेब सुचतो. आभाराचे वाक्य संपल्यावर ते मनात उतरायला अर्धा-एक सेकंद जातो. मग माउस हलवावा तेव्हा लपलेली बटणांची पट्टी वर येते, तिच्यातले प्रतिक्रियांचे बटण शोधावे लागते, छोटा खण उघडतो आणि त्यातून टाळ्या निवडायच्या. हे सगळे सफाईने केले तरी चार सेकंद जातात. चिन्ह उमटल्यावर ते साधारण दहा सेकंद राहते. बाईंचा वेग सेकंदाला दोन शब्दांचा धरला, तर वाईट बातमीची सूचना तीन सेकंदांत संपली आणि अपघाताचे वाक्य सुमारे साडेआठ सेकंद चालले. म्हणजे माझी टाळी "ज्यांनी" या शब्दाच्या आसपास सुरू झाली, "अपघातात", "जखमी" आणि "रुग्णालयात" या तिन्ही शब्दांवर वाजली, आणि पुढच्या शांततेतही दोन-अडीच सेकंद वाजतच राहिली. वरातीमागून घोडे येते तेव्हा निदान वरात तरी आनंदाचीच असते.

सभागृहात असे होत नाही, कारण तिथे टाळी वक्त्याच्या वाक्याला चिकटलेली असते. वक्ता थांबतो, टाळ्या पडतात, त्या ओसरल्यावर तो पुढे बोलतो. दोघे एकमेकांची वाट पाहतात. पडद्यावरच्या चिन्हाला ही वाट पाहणे ठाऊक नसते. त्याला स्वतःचे आयुष्य असते, आणि ते आपल्या भावनेइतके नव्हे तर प्रणालीने ठरवून दिले असेल तितके असते. त्यामुळे या प्रतिक्रियांच्या शिष्टाचारातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणते चिन्ह पाठवावे हा नसून, ते कोणत्या वाक्यावर जाऊन पडणार आहे हा आहे. दाद द्यायची असेल तर बोलणारा खरोखर थांबला आहे का, हे पाहावे. तो थांबला नसेल तर दाद गिळावी आणि नंतर दोन शब्दांत लिहून कळवावी. दाद द्यायची वेळ येणार हे आधीच ठाऊक असेल, उदाहरणार्थ कोणाचा निरोप असेल, तर तो खण आधीच उघडून ठेवावा, म्हणजे चारपैकी तीन सेकंद वाचतात.

बोलणाऱ्याकडेही यातला काही वाटा जातो. आभार आणि अपघात एकाच श्वासात सांगू नयेत. आभार मानल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, आलेल्या टाळ्या विरू द्याव्यात आणि मगच पुढचा विषय काढावा. बाईंनी ते केले नाही, पण मी त्यांना दोष देत नाही. त्या आपला सादरीकरणाचा पडदा संपूर्ण उघडून बोलत होत्या आणि तशा स्थितीत बोलणाऱ्याला समोरच्यांच्या प्रतिक्रिया बहुधा दिसतच नाहीत. माझी टाळी त्यांनी पाहिली नाही, हे माझे नशीब. बाकी सर्वांनी पाहिली.

चिन्हाच्या अर्थाबद्दल थोडेच बोलतो. हसता हसता डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा मोठा करून पाहिला तर हसरा दिसतो. चौकटीच्या कोपऱ्यात नखाएवढा झाला की त्यातले अश्रू तेवढे दिसतात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2015 साली याच चेहऱ्याला वर्षाचा शब्द ठरवले होते, त्यामुळे तो सर्वांना समजतो अशी माझी समजूत होती. त्या सोमवारी अपघाताच्या बातमीनंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तोच चेहरा पाठवला, आणि तो रडतो आहे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दुःखाच्या प्रसंगी कोणतेच चिन्ह न पाठवता कॅमेऱ्यासमोर शांत बसणे हे मला तेव्हापासून अधिक सुरक्षित वाटते.

अंगठ्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण त्याने रोजचे नुकसान होते. उंचावलेला अंगठा कोणी "ऐकले" म्हणून दाखवतो, कोणी "पटले" म्हणून, आणि कोणी "आता आवरा" म्हणून. तरीही बैठकीच्या शेवटी कोणीतरी म्हणतो, "ज्यांना हे मान्य आहे त्यांनी अंगठा दाखवा." पहिले अंगठे येतात, त्यानंतर जे खण शोधत होते त्यांचे येतात, आणि ते येईपर्यंत पहिले विरून गेलेले असतात. मोजणारा एकदा अकरा मोजतो, एकदा नऊ, आणि शेवटी "बहुतेकांना मान्य दिसते" असे म्हणून इतिवृत्तात नोंद करतो. जे केवळ दूरध्वनीवरून ऐकत असतात, त्यांना अंगठा दिसतही नाही आणि दाखवताही येत नाही, त्यामुळे त्यांचे मौन संमतीत जमा होते.

वास्तविक यासाठी वेगळी सोय असते. झूममध्ये टाळ्या, हृदय, अंगठा ही चिन्हे काही सेकंदांत आपोआप जातात. पण हिरवी बरोबरची खूण, तांबडी फुली आणि वर केलेला हात ही दुसऱ्या जातीची चिन्हे आहेत. ती सहभागी लोकांच्या यादीत नावापुढे दिसतात आणि लगेच विरून जात नाहीत, म्हणून ती सावकाश मोजता येतात. बैठकीच्या यजमानाने ही सोय चालू ठेवलेली असावी लागते, एवढीच अट. तेव्हा मत हवे असेल तर टिकणारे चिन्ह मागावे आणि दूरध्वनीवरच्या माणसाला नावाने विचारावे. अंगठा दादेसाठी ठेवावा. टिकणाऱ्या चिन्हांचा उलटा दोषही सांगितला पाहिजे: प्रश्न विचारून झाल्यावर हात खाली घ्यायला माणसे विसरतात, आणि सूत्रसंचालक बिचारा अर्ध्या तासाने पुन्हा त्यांनाच "बोला" म्हणतो.

आतापर्यंत सांगितलेल्या चिन्हांत निदान बटण तरी आपण दाबलेले असते. हल्ली न मागता येणाऱ्या प्रतिक्रियाही आहेत. ॲपलने सप्टेंबर 2023 मध्ये आयफोनसाठी आयओएस 17 आणि मॅकसाठी सोनोमा या प्रणाली आणल्या, आणि त्यांत कॅमेऱ्यासमोरच्या हातवाऱ्यांवरून चलत्चित्रे उमटवण्याची सोय दिली. एका हाताची दोन बोटे इंग्रजी व्हीसारखी धरली की फुगे वर जातात, दोन्ही हातांची धरली की रंगीत कागदाचे तुकडे उधळले जातात. दोन्ही अंगठे वर केले की आतषबाजी होते, आणि दोन्ही खाली केले की पाऊस पडतो. ही करामत बैठकीच्या ॲपची नसते. यंत्राची प्रणाली ती कॅमेऱ्याच्या चित्रातच मिसळते आणि मग ते चित्र ॲपकडे जाते, म्हणून ॲपमध्ये प्रतिक्रिया बंद असल्या तरी फुगे उडतातच. ओळखायची खूण सोपी आहे: ॲपचे चिन्ह कोपऱ्यात किंवा कडेने तरंगते, तर हे फुगे माणसाच्या मागून-पुढून, संपूर्ण चौकट भरून जातात.

आता बोलताना हात वापरणाऱ्या माणसाची कल्पना करा. "खर्चात कपात करावी लागणार आहे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत," असे म्हणून तो दोन बोटे वर करतो व क्षणभर तशीच धरतो, कारण कारणे महत्त्वाची आहेत. हातवारा चेहऱ्यापासून थोडा दूर आणि क्षणभर स्थिर असला की यंत्राला तो कळतो, त्यामुळे हा सावकाश, जबाबदार बोलणारा माणूसच नेमका सापडतो. हात भराभर हलवणारा सुटतो. पहिले कारण सांगेपर्यंत त्याच्यामागून फुगे निघालेले असतात. अशा वेळी त्याने "हे यंत्राने केले, क्षमस्व" एवढेच म्हणावे आणि पुढे जावे. पाहणाऱ्यांनी त्यात आपले बदाम आणि हशा मिसळू नये. गंभीर बैठकीआधी ही सोय बंदच केलेली बरी. मॅकवर कॅमेरा चालू असताना वरच्या पट्टीत व्हिडिओचे हिरवे चिन्ह दिसते, त्यात `Reactions` वर टिचकी मारावी; आयफोनवर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडून तिथल्या व्हिडिओच्या पर्यायांत तोच शब्द शोधावा. मूळची सोय चालू स्थितीत येत असल्याने, जे हे कधीच करत नाहीत त्यांच्याच घरी फुगे उडतात.

दीड महिन्याने आमचे ते सहकारी बरे होऊन बैठकीला आले. हात अजून गळ्यात बांधलेला होता. त्यांनी सर्वांचे आभार मानले, आणि मी या वेळी पूर्ण सावध होतो. चिन्हाच्या वाटेला गेलोच नाही. ते थांबल्याची खात्री करून घेतली, माझा आवाज चालू केला आणि दोन्ही हातांनी खरीखुरी टाळी वाजवली, चांगली सात-आठ वेळा. पण पार्श्वभूमीचा गोंगाट गाळणारी सुविधा चालू होती, आणि तिने माझी टाळी गोंगाट समजून पूर्णपणे गाळून टाकली. सहकारी माझ्या चौकटीकडे पाहत थांबले आणि म्हणाले, "तुम्ही हात हलवत होतात. काही विचारायचं होतं का?"