आमची वाटचाल: बिटकॉइनमधील बिल आणि भावातील फरक

दुकानात बिटकॉइन स्वीकारायचे ठरले, तेव्हा आम्ही सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले: ग्राहकाने पैसे पाठवल्यापासून ते आमच्या बँक खात्यात स्थानिक चलन जमा होईपर्यंत भाव बदलला, तर फरक कोणी सोसायचा?

आमच्या किमती स्थानिक चलनातच असतात. बिल करताना पेमेंट सेवा त्या क्षणाच्या भावाने बिटकॉइनची रक्कम काढते, क्यूआर कोड दाखवते आणि आमच्या करारानुसार तो भाव १५ मिनिटे बांधून ठेवते. समजा, बिल १०,००० चे आहे आणि एका बिटकॉइनचा भाव ५०,००,००० आहे. म्हणजे ग्राहकाने ०.००२ बिटकॉइन, अर्थात २,००,००० सातोशी द्यायचे. त्याने नेटवर्क शुल्क फार कमी ठेवले, तर व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीच्या पुढच्या पानात, जाण्यासाठी रांगेत थांबतो. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी तयार होतो खरा, परंतु दोन ब्लॉकमधील अंतर साधारण वीसपैकी एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक असते. तेवढ्यात भाव ३ टक्के घसरला आणि बांधलेल्या भावाची मुदत संपली, तर त्याच सातोशींचे ९,७०० होतात आणि सेवेचे शुल्क त्यातूनही वजा होते.

बांधलेला भाव म्हणजे ग्राहकाला फुकट मिळालेला पर्याय आहे, हे दुकानदारांनी नीट ओळखावे असे मला मनापासून वाटते. भाव घसरला तर ग्राहक जुन्या, चढ्या भावाने बिल चुकते करतो. वाढला तर नवे बिल मागतो. म्हणून मुदत जितकी लहान, तितके उत्तम.

यासाठी छोट्या बिलांना आम्ही केवळ लाइटनिंग नेटवर्क, म्हणजे बिटकॉइनवर उभारलेली झटपट पेमेंटची व्यवस्था, ठेवले. तेथे रक्कम बहुधा काही सेकंदांत पोहोचते, सेवा ती लगेच विकते आणि १ टक्का शुल्क वजा जाता १०,००० च्या बिलाचे ९,९०० मिळणार, हे आधीच ठाऊक असते. मोठी बिले मुख्य साखळीवर, म्हणजे थेट ब्लॉकच्या नोंदवहीत, घेतो, परंतु किमान एक पुष्टी मिळाल्याशिवाय, म्हणजे व्यवहार ब्लॉकमध्ये गेल्याशिवाय, माल हाती देत नाही, कारण पुष्टी न झालेला व्यवहार अधिक शुल्क भरून बदलता येतो. मुदतीनंतर किंवा कमी आलेली रक्कम सेवेच्या पटलावर वेगळी दिसते. तिचा हिशेब पोहोचल्या वेळच्या भावाने करून उरलेल्या रकमेचे नवे बिल देतो.

हिशेबात विक्री स्थानिक चलनात, बिलाच्या रकमेनेच नोंदवतो आणि भावातील फरक व शुल्क यांची खाती स्वतंत्र ठेवतो. त्यामुळे महिन्याअखेरीस क्रिप्टोचा खरा खर्च किती आला, हे स्पष्ट दिसते. माल परत आल्यास परतावा स्थानिक चलनातील मूळ रकमेइतकाच मिळेल, सातोशींच्या संख्येइतका नाही, ही अट बिलावर पैसे देण्यापूर्वीच छापलेली असते.